'ठिबक चांगलं' आणि 'ठिबक सक्तीचं' : वादविवादातलं पहिलं भाषण आणि त्याचे तीन मुद्दे

नववीतल्या त्या मुलीने मला वहीची दोन पानं दाखवली तेव्हा स्पर्धेला नऊ दिवस उरले होते. विषय होता, 'उसासाठी ठिबक सिंचन सक्तीचे करावे.' ती विषयाच्या बाजूने पहिली बोलणार होती. आमची शाळा वाळवा तालुक्यातली. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी ऊस आहे, तिच्याही घरी आहे. त्यामुळे माहिती गोळा करायला तिला कुठे जावं लागलं नव्हतं. तिने तीन मुद्दे काढले होते : ठिबकने पाणी वाचतं, ठिबकने खत वाचतं, ठिबकने एकरी उतारा वाढतो. तिन्ही मुद्दे खरे आणि अक्षरही सुरेख.

मी तिला म्हटलं, "आता मी समोरचा मुलगा. मी उठतो आणि म्हणतो : ताई बोलल्या ते शंभर टक्के बरोबर आहे, म्हणूनच आमच्या दादांनी दोन वर्षांपूर्वी स्वतःहून ठिबक बसवलं. ज्याला परवडेल तो बसवेल. मग सक्ती कशाला? आता तू काय बोलशील?"

ती बराच वेळ पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सर, मग माझं सगळं भाषण त्याच्याच बाजूचं झालं की."

ही गोष्ट तिला नऊ दिवस आधी समजली, स्पर्धेच्या व्यासपीठावर नाही, याचं मला फार बरं वाटलं. विषयाच्या बाजूने पहिलं भाषण करणारी बहुतेक मुलं याच ठिकाणी अडखळतात. ती विषयातल्या वस्तूची बाजू घेतात, विषयाची घेत नाहीत. 'ठिबक चांगलं आहे' हे एक वाक्य झालं आणि 'ठिबक सक्तीचं करावं' हे अगदी वेगळं वाक्य. पहिलं सिद्ध करून दुसरं आपोआप सिद्ध होत नाही. सकाळी लवकर उठणं चांगलं आहे, म्हणून पाच वाजता न उठणाऱ्याला कुणी दंड लावत नाही.

प्रत्येक विषयात असा एक जड शब्द असतो आणि सगळं भांडण त्या शब्दावर उभं असतं. तो ओळखायची युक्ती सोपी आहे. विषयातला एकेक शब्द झाकायचा आणि विचारायचं, आता समोरची बाजू भांडेल का? 'उसासाठी ठिबक सिंचन करावे' एवढंच ठेवलं तर समोरचा भांडणारच नाही. म्हणजे 'सक्तीचे' हा जड शब्द. आता तीनही मुद्दे त्या शब्दाच्या पोटातून यायला हवेत. पाणी वाचतं हा मुद्दा टाकून द्यायचा नाही, पण 'पाणी वाचतं, म्हणून सक्ती हवी' यातल्या 'म्हणून'च्या जागी जी मोठी पोकळी आहे ती भरायची.

त्यात विषयाच्या बाजूवर एक जादा ओझं असतं. आज शेतात जे चाललंय ते बदला, असं आपण म्हणतोय. बदल मागणाऱ्याने कारण द्यायचं असतं. विरुद्ध बाजूला नवीन काही उभं करावं लागत नाही, आपलं उभं केलेलं पाडलं तरी तिचं काम होतं. म्हणून पहिल्या भाषणात दोन गोष्टी उभ्या राहिल्या पाहिजेत : नेमकं काय करायचं म्हणतोय ते, आणि ते का. परीक्षकाच्या कागदावर पहिल्या मिनिटात 'काय' उतरलं नाही, तर पुढचे तिन्ही मुद्दे कशाला चिकटवायचे हे त्याला कळत नाही.

तर आधी 'काय'. सक्ती म्हणजे काय ते सांगायची पहिली संधी पहिल्या वक्त्याला मिळते, आणि हा अधिकार मोठा आहे. त्याचा दोन्हीकडून गैरवापर होतो. तिने पहिल्यांदा लिहिलं, "सक्ती म्हणजे शेतकऱ्यांचे प्रबोधन करून त्यांना ठिबककडे वळवणे." ही सक्ती नव्हेच. अवघड शब्द सोपा करून घेण्याचा हा प्रयत्न परीक्षकाला लगेच दिसतो आणि समोरची बाजू पहिल्या वाक्यात तो उघडा पाडते. मी हे सांगितल्यावर ती दुसऱ्या टोकाला गेली : "या वर्षापासून पाटाने पाणी देणाऱ्याचा ऊस कारखान्याने घेऊ नये." हे वाक्य जड शब्दाला धरून आहे, पण ते पाच मिनिटं कुणाला सांभाळता येणार नाही. उभा ऊस शेतात आणि कारखाना घेणार नाही म्हटल्यावर सभागृहात बसलेले तिचे स्वतःचे चुलतेच विरुद्ध बाजूला जातील.

आम्ही मधली वाट शोधायला बसलो. सक्ती कोणावर, कधीपासून आणि मोडली तर काय, या तीन प्रश्नांची उत्तरं आली की योजना झाली. कोणावर, तर कालवा, सरकारी उपसा योजना किंवा पाणीपुरवठा संस्थेचं पाणी घेणाऱ्यांवर. स्वतःच्या विहिरीवरच्या उसाला आम्ही यातून वगळलं. भूजलही एकट्याचं नसतं हे खरं, पण विहिरीचं पाणी बंद करणारा कुणी माणूस तिथे नसतो, आणि जे अमलात आणता येत नाही ते सक्तीत घालून उपयोग नाही. हे कारण भाषणात बोलून दाखवायचं, नाहीतर सोयीसाठी विषय अरुंद केला असं दिसतं. कधीपासून, तर तीन वर्षांनी आणि तेही नवीन लागणीला. उभा ऊस आणि त्याचा खोडवा सुटला. मोडली तर काय, तर त्या क्षेत्राला उसासाठी पाण्याची मंजुरी नाही.

त्या रात्री तिने घरी हे वाचून दाखवलं. वडिलांनी विचारलं, "आणि पैसं कोण देणार?" दुसऱ्या दिवशी योजनेत एक वाक्य वाढलं. लहान शेतकऱ्याला ठिबकसाठी केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के आणि राज्याची भर धरून ८० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. पण ही टक्केवारी सरकारने ठरवलेल्या खर्चाची असते, दुकानातल्या बिलाची नव्हे, आणि पैसे बहुधा शेतकऱ्याने आधी घातल्यानंतर येतात. म्हणून तिने लिहिलं : "अल्पभूधारकाचं अनुदान हातात पडल्याशिवाय त्याच्यावर सक्ती नाही." या एका वाक्याने समोरच्या बाजूचा सगळ्यात भावनिक हल्ला अर्धा झाला. तो हल्ला खोटा नव्हता, म्हणून त्याला भाषणात जागा द्यायलाच हवी होती.

आता मुद्दे. तीनच का? पाच मिनिटांत तीनच मावतात. आम्ही घड्याळ लावून मोजलं होतं. ती स्पष्ट बोलते तेव्हा मिनिटाला साधारण ११० शब्द होतात, म्हणजे सगळं भाषण ५५० शब्दांचं. योजनेला सव्वाशे, सुरुवात-शेवटाला पाऊणशे, उरले साडेतीनशे. तीन मुद्दे केले तर प्रत्येकाला एकशे पंधरा-वीस शब्द मिळतात, आणि कारण, पुरावा, परिणाम एवढं सांगायला ते कसेबसे पुरतात. पाच मुद्दे केले की नुसती नावं घेऊन पुढे जावं लागतं.

पण तीन म्हणजे खरोखर तीन असावेत. मुलं पुष्कळदा एकच मुद्दा तीन कपडे घालून आणतात : पाणी वाचतं, विहिरीत पाणी शिल्लक राहतं, उन्हाळ्यात टंचाई होत नाही. समोरच्याने 'पाणी वाचत नाही' एवढं एकच दाखवलं की तिन्ही एकदम पडतात. तपासायचं असं : एक मुद्दा हाताने झाकायचा आणि तो हरला असं धरायचं. उरलेले दोन स्वतःच्या पायावर उभे आहेत का? नसतील तर आपल्याकडे तीन नाहीतच.

पहिला मुद्दा आम्ही असा ठरवला : हे पाणी एकट्याचं नाही. इथे भूगोल आमच्या मदतीला आला. आमच्या तालुक्याला लागून वाहणारी कृष्णा पुढे सांगलीवरून म्हैसाळला जाते. म्हैसाळला तेच पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर उचलून कवठेमहांकाळ आणि जतकडे नेलं जातं. म्हणजे वरच्या गावाने उसात मोकाट सोडलेलं पाणी हा त्याच्या घरचा प्रश्न राहत नाही, खाली कुणीतरी त्याच पाण्याची वाट बघत असतो. माझ्या वागण्याने दुसऱ्याचं नुकसान होत असेल तर तिथे नियम येऊ शकतो, हे सगळ्यांना पटतं. वाहतुकीचे नियम आपण त्याच कारणाने मानतो. 'म्हणून' आणि 'सक्ती' यांच्यामधली पोकळी भरणारा हा पहिला दगड.

याला पुरावा म्हणून तिने पाण्याची आगगाडी आणली होती. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवलं गेलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे सगळे मिळून पाच लाख लिटर. आमच्या भागातल्या प्रत्येकाला ती गाडी आठवते. तिने लिहिलं होतं, "लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, यावरून ठिबकची गरज सिद्ध होते."

यावरून ते सिद्ध होत नाही. लातूरला दुष्काळ होता आणि मिरजेला पाणी होतं, एवढंच त्यावरून कळतं. समोरचा म्हणेल, वाळव्यात ठिबक असतं तरी लातूरला गाडी लागलीच असती, आणि त्याचं बरोबर असेल. मनाला भिडणारा पुरावा मुद्द्याला चिकटलेला असेलच असं नाही. तो चिकटतो का हे बघायला त्याच्याआधी 'कारण' आणि नंतर 'म्हणून' लावून मोठ्याने वाचायचं. गाडीच्या आधी 'कारण' बसेना.

पण गाडी टाकून द्यायलाही तिचं मन होईना, आणि मग तीच गाडी दुसऱ्या कामाला आली. एक हेक्टरवर एक सेंटीमीटर पाणी म्हणजे एक लाख लिटर. हे गणित पाचवीच्या मुलालाही करता येतं : दहा हजार चौरस मीटर गुणिले शंभरावा भाग मीटर, म्हणजे शंभर घनमीटर, म्हणजे लाख लिटर. जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या, म्हणजे 'सुरू' उसाला पाटाने पाणी दिलं तर सगळ्या वाढीत साधारण २५० सेंटीमीटर लागतं असं धरतात. ठिबकने ४० ते ५० टक्के बचत सांगितली जाते. आम्ही कमीतला आकडा घेतला, कारण समोरच्याने कमी करून घेण्याआधी आपणच कमी धरला तर तो आकडा हलत नाही. ४० टक्के म्हणजे १०० सेंटीमीटर, म्हणजे एका हेक्टरमागे एक कोटी लिटर. पाच लाख लिटरच्या वीस गाड्या.

तिने पेन खाली ठेवलं. "एका हेक्टरात वीस गाड्या, सर?" तिच्या घरचा ऊस तेवढाच होता.

आता गाडी पुरावा राहिली नव्हती, ती माप झाली होती. कोटी लिटर हा आकडा कुणाच्या डोळ्यासमोर येत नाही, मिरजेच्या फलाटावरची दहा टाक्यांची गाडी येते. भाषणातला हा भाग शेवटी असा झाला :

"अध्यक्ष महोदय, एक हेक्टर ऊस पाटाऐवजी ठिबकवर घेतला, तर बचतीचा कमीत कमी अंदाज धरूनही एक कोटी लिटर पाणी वाचतं. २०१६ साली मिरजेहून लातूरला गेलेली पहिली पाण्याची गाडी पाच लाख लिटरची होती. अशा वीस गाड्या आमच्या एका हेक्टरात उसाच्या दर पिकाला जादा ओतल्या जातात. ते पाणी नदीत राहिलं तर म्हैसाळच्या पंपापर्यंत जातं, आणि तिथून जतच्या माणसाला मिळू शकतं. पाणी माझ्या शेतात आलं म्हणून ते माझं होत नाही. आणि जे माझं एकट्याचं नाही, ते कसं वापरायचं हे मी एकट्याने ठरवू शकत नाही."

या मुद्द्याला दोन खरी भोकं आहेत, आणि बाजूने बोलणाऱ्याला ती आधी माहीत हवीत. पहिलं, पाणी वाचलं की शेतकरी त्याच पाण्यावर आणखी ऊस लावतो. ठिबक आल्यावर एकूण पाणीवापर कमी झाला नाही, असा अनुभव जगात अनेक ठिकाणी आला आहे. यावर भाषणात उत्तर देत बसण्यापेक्षा आम्ही योजनेतच वाक्य घातलं : वाचलेल्या पाण्यावर वाढीव उसाला मंजुरी नाही. दुसरं भोक जास्त बारीक आहे. पाटाचं जादा पाणी जातं कुठे? थोडं मुरून पुन्हा नदीलाच मिळतं. मग सगळंच 'वाया' गेलं असं कसं म्हणायचं? हा प्रश्न कुणी विचारला तर तो हुशार मुलगा असेल. त्याला प्रामाणिक उत्तर असं की काही पाणी परततं, पण परतायच्या वाटेत ते जमिनीचं काय करतं ते बघा. आणि हाच आमचा दुसरा मुद्दा.

कृष्णा-वारणेच्या काठच्या भारी काळ्या जमिनीत पाणी सावकाश झिरपतं. वर्षानुवर्षं जादा पाणी दिलं की जमिनीखालची पाण्याची पातळी वर चढते. ती मुळांच्या जवळ आली की पाणी मातीच्या बारीक फटींतून वर ओढलं जातं, जसं कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढतं. वर आल्यावर पाणी उन्हाने उडून जातं आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. पृष्ठभागावर पांढरा थर दिसायला लागतो, ऊस पिवळा पडतो, मग उगवतच नाही. आपण त्याला क्षारपड म्हणतो. मिरज, वाळवा, पलूस भागात अशी पड पडलेली रानं रस्त्यावरून जाताना दिसतात. सक्तीच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट ही की पाणी उताराकडे सरकतं. वरच्याने मोकाट पाणी द्यायचं आणि खालच्याचं रान बिघडायचं. खालच्याने आपल्या शेतात कितीही जपून पाणी दिलं तरी तो वाचत नाही.

हा मुद्दा पहिल्यापासून खरोखर वेगळा आहे. उद्या कृष्णेला दुप्पट पाणी आलं, म्हैसाळच्या शेवटच्या गावापर्यंत पाट वाहू लागला आणि पहिला मुद्दा पडला, तरी हा उभा राहतो. उलट पाणी वाढलं की तो आणखी जड होतो.

इथे तिने एक चूक केली होती, ती मुद्दाम सांगतो. तिने लिहिलं होतं, "ठिबकमुळे क्षारपड जमिनी पुन्हा सुपीक होतील." होत नाहीत. साचलेले क्षार काढायला जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा करावा लागतो आणि क्षार धुवून बाहेर काढावे लागतात. ठिबकमध्ये तर ओलाव्याच्या कडेला क्षार साठण्याचीही शक्यता असते. तिचं वाक्य तसंच राहिलं असतं आणि समोरच्या बाजूला कृषी अधिकाऱ्याचा मुलगा असता, तर एका खोट्या वाक्यामुळे खरा मुद्दाही गेला असता. आम्ही 'बरी होईल' काढून 'वाढणं थांबेल' लिहिलं. दावा लहान झाला, पण तो पाडायला जागा राहिली नाही :

"ज्याचं रान मिठागरासारखं पांढरं झालंय, त्याला ठिबक ते परत देणार नाही, हे मी कबूल करते. पण त्याच्या शेजारचं रान अजून काळं आहे. ते काळं राहावं असं वाटत असेल, तर वरच्या शेतातलं जादा पाणी आज थांबायला हवं. आणि ते थांबवणं खालच्या शेतकऱ्याच्या हातात नाही, वरच्याच्या हातात आहे. जिथे चूक एकाची आणि नुकसान दुसऱ्याचं, तिथे नुसती विनंती पुरत नाही."

तिसरा मुद्दा माझ्या मते भाषणाचा कणा आहे, आणि तो तिला पुस्तकात सापडला नाही, घरी जेवताना सापडला. मी तिला एवढंच विचारायला सांगितलं होतं : तुमच्या पाण्याचे पैसे कसे भरता? ती दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "सर, आमच्या संस्थेची पट्टी एकरावर हाय. पाणी किती घेतलं ते कोण मोजतच न्हाई."

यातच उत्तर आहे. कालव्याच्या पाण्याचीही शेतकऱ्याकडून होणारी आकारणी बऱ्याच ठिकाणी पीक आणि क्षेत्र बघून होते, किती लिटर घेतलं यावर नाही. मग जो पाणी वाचवतो त्याची पट्टी रुपयानेही कमी होत नाही. ठिबकचा खर्च त्याचा, उंदरांनी कुरतडलेल्या नळ्या बदलायचा त्रास त्याचा, तोडणीच्या आधी नळ्या गुंडाळायची मजुरी त्याची, आणि वाचलेल्या पाण्याचा फायदा मात्र खालच्या गावाचा. त्याला खत आणि उताऱ्यात थोडं परत मिळतं हे खरं, काही जण त्यासाठी बसवतातही. पण बाकीचे बसवत नाहीत यात त्यांचा आळस किंवा अडाणीपणा नाही. त्यांच्या बाजूने हिशोब बरोबर आहे. हिशोबच असा असेल तर प्रबोधनाने तो बदलणार नाही.

विरुद्ध बाजूच्या 'ज्याला परवडेल तो बसवेल' या वाक्याला हे थेट उत्तर झालं. पहिल्या दिवशी ज्या प्रश्नापुढे ती गप्प झाली होती, त्याचं उत्तर आता तिच्या भाषणात आधीच बसलं होतं :

"विरुद्ध बाजू म्हणेल, शेतकरी शहाणा आहे, त्याच्यावर सोडा. अध्यक्ष महोदय, शेतकरी शहाणा आहे म्हणूनच तो पाणी वाचवत नाही. माझ्या वडिलांची पाणीपट्टी एकरावर ठरते. त्यांनी निम्मं पाणी वाचवलं तरी पट्टी तेवढीच. जिथे वाचवणाऱ्याला काही मिळत नाही आणि उधळणाऱ्याचं काही जात नाही, तिथे चांगली गोष्ट आपोआप पसरत नाही."

या मुद्द्यावर एक प्रश्न नक्की येतो, आणि तो मी स्वतः तिला विचारला : मग पाणी मोजून द्या आणि मोजून पैसे घ्या, ठिबकची सक्ती कशाला? हा या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. आम्ही दोन दिवस त्यावर घालवले. शेवटी तिने उत्तर काढलं ते असं की पाटातून शेताशेताला पाणी मोजायला प्रत्येक बांधावर यंत्र लागेल आणि रात्री-अपरात्री येणाऱ्या पाळीला ते वाचणारा माणूस लागेल. ठिबकमध्ये पाणी नळीतून येतं, तिथे मोजणं सोपं. म्हणजे मोजणीचा मार्गही ठिबकवरूनच जातो. हे उत्तर पूर्ण नाही, पण उभं राहतं. ते पहिल्या भाषणात न घालता आम्ही दुसऱ्या वक्त्याच्या कागदावर लिहिलं. पहिल्या भाषणात सगळ्या शंकांची उत्तरं देत बसलं की आपले मुद्दे बाजूला राहतात आणि समोरच्याला जे सुचलंही नसतं ते आपणच सुचवतो. अनुदान आणि वाढीव ऊस या दोन शंका योजनेत घातल्या, कारण त्या प्रत्येकाच्या ओठावर असतात. वीज, उंदीर, पाचट पेटवल्यावर जळणाऱ्या नळ्या हे दुसऱ्या वक्त्याकडे गेलं. राज्य मंत्रिमंडळाने २०१७ मध्ये असा टप्प्याटप्प्याच्या सक्तीचा निर्णय घेतलाच होता, तरी पाटावरचा ऊस आजही आहे, हेही तिथेच गेलं. समोरचा ते नक्की काढणार होता, आणि त्यावर तिचं उत्तर सरळ होतं : निर्णय आणि अंमल यांच्यातली फट हा निर्णय चुकल्याचा पुरावा नव्हे. आमच्या योजनेत पाण्याची मंजुरीच अडवलेली आहे ती त्याचसाठी.

क्रमाचा प्रश्न उरला. तिसरा मुद्दा सगळ्यात जोरदार, तर तो पहिला का नको, असं तिने विचारलं. पहिला घेतला तर 'वाचवणाऱ्याला काही मिळत नाही' हे वाक्य ऐकणाऱ्याला कळेल, पण वाचवायचं कशासाठी हे अजून त्याला माहीतच नसेल. दोन नुकसानं आधी दाखवायची, मग ती आपोआप का थांबणार नाहीत हे सांगायचं. पण शेवटच्या मुद्द्याला एक धोका असतो : चार मिनिटांना इशाऱ्याची घंटा वाजते, मुलं घाबरून भरभर बोलतात आणि सगळ्यात चांगला मुद्दा वाहून जातो. म्हणून योजना सांगून झाल्यावर तिने तिन्ही मुद्द्यांचं एकेक वाक्य सलग म्हणायचं ठरवलं : "एक, हे पाणी एकट्याचं नाही. दोन, जादा पाण्याने शेजाऱ्याचं रान बिघडतं. तीन, आजच्या पाणीपट्टीत वाचवणाऱ्याला काहीच मिळत नाही, म्हणून हे आपोआप होणार नाही." परीक्षक इथेच कागदावर १, २, ३ घालतो. पुढे घंटेने घात केला तरी तिसरा मुद्दा नोंदलेला असतो. आणि प्रत्येक मुद्द्याकडे वळताना आकडा पुन्हा उच्चारायचा, तेच शब्द वापरून. 'शेजाऱ्याचं रान' असं सुरुवातीला म्हटलं तर पुढे 'भूमीची अवनती' म्हणायचं नाही, नाहीतर ऐकणाऱ्याला तो चौथा मुद्दा वाटतो.

शेवटची वीस सेकंदं तिने 'पाणी म्हणजे जीवन'साठी ठेवली होती. ती काढून तिथे विरुद्ध बाजूला एक प्रश्न घातला. पहिल्या भाषणानंतर लगेच समोरचा पहिला वक्ता उठतो. त्याने कुठे लढायचं हे आपण ठरवू शकलो तर अर्धी मेहनत वाचते. तो उत्तर देत बसला तर आपल्या अंगणात खेळतो, टाळून गेला तर आपला दुसरा वक्ता म्हणू शकतो की प्रश्न अजून टेबलावर पडून आहे. प्रश्न मात्र खरा हवा. 'तुम्हाला शेतकऱ्यांची काळजी नाही का?' हा प्रश्न नव्हे, टोमणा आहे. तिचा प्रश्न असा होता :

"विरुद्ध बाजूला माझी विनंती आहे की त्यांनी एवढंच सांगावं : ज्या शेतकऱ्याला पाणी वाचवून एक रुपयाही मिळत नाही, तो खालच्या गावासाठी ते कशामुळे वाचवेल?"

त्या दिवशी हे म्हणून ती जागेवर जाऊन बसली तेव्हा शेवटची घंटा व्हायला सात सेकंद उरली होती. समोरच्या मुलाने पुढ्यातला लिहून आणलेला कागद उलटा ठेवला आणि न बघता बोलायला उभा राहिला.